मान टाकण्याचे दोन प्रकार

आमच्या हॉलमधल्या पीस लिलीने एका मंगळवारी सकाळी मान टाकली. मान कसली, हातपायच सोडले. काल रात्रीपर्यंत ताठ उभी असलेली पानं कुंडीच्या चारी बाजूंना अशी लोंबत होती, की कार्य उरकल्यावर सतरंजीवर आडव्या झालेल्या वरपक्षाची आठवण यावी.

मी घाबरून तांब्याभर पाणी घातलं. आठ वाजता पूजा आटोपून आई आली. "बिचारीला या घरात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही," असं मला ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटत तिने दुसरा तांब्या ओतला. दहाला लादी पुसायला आलेल्या मावशींना दया आली. संध्याकाळी बायको ऑफिसातून आली आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने चौथा तांब्या घातला. दुसऱ्या दिवशी लिली आणखी मलूल दिसली, म्हणून आम्ही पाण्याचं प्रमाण वाढवलं.

शनिवारी तिला मांडीवर घेऊन मी रिक्षाने नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या काकांनी पानांकडे पाहिलंच नाही. त्यांनी कुंडी उचलून हातात तोलली आणि विचारलं, "साहेब, झाड लावलंय की विहीर खणलीय?"

आमची कुंडी म्हणजे वाढदिवसाला आलेली सिरॅमिकची, देखणी आणि बुडाला भोक नसलेली. काकांनी झाड मुळांसकट बाहेर काढलं. तळाशी दोन बोटं काळं पाणी साचलं होतं आणि त्याला फुलदाणीत आठवडाभर विसरलेल्या निशिगंधाचा वास येत होता. काकांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. मग कोपऱ्यात वाचलेलं एक मूळ त्यांनी दाखवलं. ते पांढरट होतं, टणक होतं आणि ओढलं तरी तुटत नव्हतं.

लिलीच्या देठात लाकूड नसतं. ती उभी राहते ती फक्त पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर, सायकलची ट्यूब हवेवर फुगावी तशी. दाब गेला की पानं खाली येतात. तो दाब माती कोरडी पडली तरी जातो आणि मुळं कुजली तरी जातो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात ती गुदमरतात, कुजतात आणि वर पाणी चढवायचं काम थांबतं. म्हणजे आमची लिली गुडघाभर पाण्यात उभी राहून तहानेने मरत होती, आणि आम्ही चौघं प्रेमाने तिला आणखी बुडवत होतो. पान दोन्ही वेळा एकाच तऱ्हेने लोंबतं. आजार उलटे, चेहरा तोच. काका म्हणाले, "पानाला काय विचारता? मातीला विचारा. बोट घाला दुसऱ्या पेरापर्यंत."

मातीचं उत्तर सरळ असतं. बोटाला कोरडी लागली आणि कुंडी उचलायला हलकी वाटली, तर तहान. पाणी घातलं की काही तासांत झाड उठून बसतं. बोटाला चिखल लागला, कुंडी जड आहे आणि तरी झाड पडलंय, तर हात आवरायचा. सोबत खालची पानं पिवळी पडत असतील तर शंकाच नको. काकांनी कुजकी मुळं कापली आणि उरलेलं झाड मुद्दाम लहान कुंडीत, भोकं असलेल्या, भुसभुशीत मातीत लावलं. मोठ्या कुंडीत कमी मुळं असली की मातीतलं पाणी पिणारं कोणी नसतं, आणि पुन्हा तीच विहीर तयार होते.

पुढचे दोन महिने बरे गेले. मग पानांची टोकं करपायला लागली. एकदोन नव्हे, झाडून सगळ्या पानांची, नेलपॉलिश लावल्यासारखी तपकिरी. आईच्या मते दृष्ट लागली होती. बायकोच्या मते मी खत जास्त घातलं. हा आरोप अर्धा खरा होता, म्हणून मला जास्त लागला. मावशींनी मात्र मातीवर साचलेल्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात मीठ टाकलंय का?"

टाकलंच होतं, रोज आणि अभिमानाने. आमचं आरओ यंत्र ग्लासभर गोड पाणी देताना दोन-तीन ग्लास पाणी नळीवाटे बाहेर टाकतं. ती नळी बायकोने बादलीत सोडली होती आणि ते पाणी झाडांना जायचं. सोसायटीत या काटकसरीचं कौतुकही झालं होतं. पण यंत्र आपल्या पाण्यातून जे क्षार काढतं, ते जातात कुठे? त्याच बादलीत. त्यात उन्हाळ्यात आम्हाला मुळातच बोअरचं जड पाणी येतं. झाड पाणी ओढतं, पानातून त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पानाचं टोक हे पाण्याचं शेवटचं स्टेशन. सगळं सामान तिथेच उतरतं आणि टोक जळतं.

उपाय सोपा निघाला. कुंडी न्हाणीघरात नेली आणि कुंडीच्या आकाराच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू वरून सोडलं, खालून निथळू दिलं. खत दोन महिने बंद. बादली लादी पुसायला गेली. आता लिलीला एसीचं ठिबकणारं पाणी मिळतं, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. जळलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. ती पानाच्या आकाराने कात्रीने छाटायची आणि हिरव्याला धक्का न लावता तपकिरी कड दोऱ्याएवढी ठेवायची. बरं झालं की नाही ते नव्या पानांवरून कळतं.

याच बादलीचं पाणी मनी प्लांटनेही प्यायलं होतं. त्याने चकार शब्द काढला नाही. सगळं पचवणारा एक काका प्रत्येक घरात असतो, तसं ते झाड. ते बरं आहे यावरून बाकीच्यांबद्दल काही ठरवू नये.

फर्नचं दुखणं मात्र वेगळंच होतं. माती ओलसर, टोपली हलकीही नाही आणि जडही नाही, पण पानं चिवड्यातल्या तळलेल्या कढीपत्त्यासारखी कुरकुरीत. हात लावला की फरशीवर चुरा. मी दिवसातून चार वेळा फवारा मारत होतो. तो पाच मिनिटांत सुकायचा आणि मला मात्र दिवसभर समाधान पुरायचं. शेवटी एकदा मीच टोपलीखाली उभा राहिलो, तेव्हा एसीचा झोत थेट कानात शिरला. कोरड्या वाऱ्यात इतकी पातळ पानं मुळांनी पुरवण्याआधीच पाणी गमावून बसतात. एसीकडची बाजू जास्त करपली होती, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. वाळलेली पानं बुडापासून कापली आणि टोपली न्हाणीघराच्या खिडकीत टांगली. महिन्याभरात गुंडाळलेल्या जिलबीसारखे नवे कोंब वर आले.

तिथे ते इतकं खूश झालं की पानांखाली तपकिरी ठिपके आले. बायको जुना टूथब्रश घेऊन किडे घासत बसली. अर्धं पान घासून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ठिपके शाळेच्या प्रार्थनेसारखे ओळीत उभे आहेत. किडे कसली शिस्त पाळतात? ते फर्नच्या बीजाणूंचे पुंजके होते.

गेल्या रविवारी लिलीने पुन्हा मान टाकली. घरात कोणी हलायच्या आत मी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. कुंडी उचलली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. खालच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी घातलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. तीन तासांत एकेक पान उठलं.

"मी म्हणतच होते, पाणी हवंय तिला," आई म्हणाली.

विहिरीच्या वेळीही ती अगदी हेच म्हणाली होती. मी गप्प बसलो आणि बोटाची माती धुवायला गेलो.