राहा हो, कागद कशाला!

करार संपत आला की भाडेकरू जरा चाचरत विचारतो, "काका, नव्या फ्लॅटचा ताबा लांबलाय. महिन्या-महिन्यानं भाडं देतो, थोडे दिवस राहू द्या ना." तेव्हा आम्हा घरमालकांच्या अंगात कर्ण संचारतो. "राहा हो, कागद कशाला!" असं म्हणताना वाटणारा मोठेपणा वर्षभराच्या भाड्यातही मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की राहू द्यावं, पण हे दानशूर वाक्य गिळावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. म्हणजे वीस हजार भाड्याच्या घरात दोन महिने तोंडी परवानगीवर राहिलेला माणूस पुढे बिनसलं तर ऐंशी हजारांच्या मागणीला सामोरा जातो, आणि आमची परवानगी सिद्ध करणं त्याच्या नशिबी येतं. आम्हीही सुटत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत कागद नसला, की अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं. कर्णाची कवचकुंडलं निदान मागून तरी घेतली होती!

आता त्या अकरा महिन्यांबद्दल बोललंच पाहिजे. बाळंतपणाला नऊ आणि भाड्याला अकरा, हे आम्ही निसर्गनियम म्हणून स्वीकारलंय. मूळ एवढंच, की १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. ती चुकवायला लोकांनी एक महिना कापला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं मुदत कितीही असो, नोंदणी लावली, तरी अकरा तसेच. आपण नोंदणी करतो, खर्च करतो आणि चुकवल्याचं समाधानही घेतो.

कोणी म्हणेल, दोन महिन्यांसाठी पुन्हा करार म्हणजे भुर्दंड. हिशेब करू. दोन महिन्यांचं भाडं चाळीस हजार, साठ हजार अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज एक हजार; या एक्केचाळीस हजारांवर पाव टक्का मुद्रांक म्हणजे शंभराच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार, वर एजंटचं काय ते. त्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीची अट घातली, की ताबा लवकर मिळाल्यास तो लवकर निघू शकतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: कागद मागणं म्हणजे अविश्वास. पण मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यानं १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचं संरक्षण दिलं, तेव्हापासूनची धास्ती आम्ही आजच्या प्रत्येक पाहुण्यावर काढतो. मनात अविश्वास, ओठांवर औदार्य. सामान अर्धं बांधून, पोरांची शाळा सांभाळत, अनामत आमच्याकडे अडकवून तो माणूस राहत असतो. आमच्या लहरीवर त्याची रात्रीची झोप अवलंबून असावी, याचा मला मनापासून राग येतो. त्याला उपकार नकोत, तारीख हवी. ती कागदावर देऊन टाकावी आणि खर्च अर्धा-अर्धा करावा. मोठेपणाची हौस उरलीच, तर एजंटचे पैसे आपण भरावेत.