बारावं वरीस तिकिटाचं

मु. पो. भालकी, जि. बीदर

टूरवाले साहेबांस,

आमचं मुंबईचं जाणं 11 मेला, येणं 17 मेला. मधेच 14 तारखेला आमचे चिरंजीव बाराव्या वर्षातून बाहेर पडतात. पोरानं जन्म घेताना तुमचं वेळापत्रक पाहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. आजोबांचं बरं होतं. शाळेच्या मास्तरांनी त्यांना सगळ्या वर्गासकट 1 जूनला जन्माला घातलं. याचा मात्र तारखेनिशी दाखला आहे.

तुम्ही जाता-येता 'हाफ' धरलाय. रेल्वेत पाच पूर्ण आणि बाराच्या आतल्याला अर्धं भाडं, ते प्रवासाच्या दिवशीच्या वयावर. म्हणजे जाताना पोर अर्धं, येताना पूर्ण. आठवड्यात एवढी वाढ आमच्या तुरीलाही होत नाही.

त्यातही अर्ध्या भाड्यात बर्थ नाही. बर्थ मागितला की 21 एप्रिल 2016 पासून पूर्ण भाडं. मग जातानाचा बर्थ तुम्ही कोणत्या हिशोबानं लिहिलात? टीसीनं विचारलं तर फरक कोण भरणार?

आजी म्हणते, "दहाचा सांगा की!" पण ओठावर मिसरूड दिसायला लागलंय आणि आधार कार्ड खिशात आहे.

तेव्हा दोन्ही तिकिटं वेगळी काढा. आणि हॉटेलात 'पाच ते अकरा'चा दर निघायच्या दिवशीच्या वयावर लावता की राहायच्या रात्रीच्या, तेवढं लेखी कळवा.

ता. क. जेवण पहिल्या दिवसापासून फुल्लच धरा. त्याला वय लागत नाही.