नानांचा नकाशा हिंदीत कसा उतरवावा

प्रस्तुत मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्याकडे कार्य कोकणात, वरपक्ष इंदूरचा आणि रस्ता सांगायला नाना आहेत. नाना म्हणजे घरातली अशी व्यक्ती, जिला रस्ता इतका पाठ असतो की तो दुसऱ्याला सांगता येत नाही. नानांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बॉलपेनने काढलेला नकाशा आपल्या हाती येतो. इंदूरहून येणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरला त्यावरून क्रमांक घातलेल्या हिंदी सूचना द्यायच्या असतात.

आमच्या हाती असलेला नमुना खेड ते दापोली रस्त्यावरच्या एका गावाचा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मे महिन्यात तिथं आधीच पुरेशी माणसं असतात. नकाशात मुंबई-गोवा महामार्ग, भरणे नाका, खेड, फुरूस आणि वाकवली हा सगळा ऐवज दोन बोटं रुंदीत आटोपला आहे. उरलेल्या पानभर फाट्यापासून घरापर्यंतचा दीड किलोमीटर पसरला आहे. त्यात एक विहीर, तीन म्हशी, सहाण, साकव, पिंपळाचा पार आणि ‘इथं पूर्वी वड होता’ एवढा मजकूर आहे. नानांचं प्रमाण किलोमीटरवर चालत नाही, जिव्हाळ्यावर चालतं. तेव्हा पट्टी बाजूला ठेवावी आणि अंतरं वेगळी विचारून घ्यावीत.

यानंतर नकाशाची सुरुवात शोधावी. ती भरणे नाक्याला सापडत नाही, नानांच्या पडवीत सापडते. नाना घरातून निघतात, सहाणेशी डावीकडे वळतात, साकव ओलांडतात, पिंपळाचा पार उजव्या हाताला ठेवून चढ चढतात आणि फाट्याला डांबरी रस्त्यावर उजवीकडे वळून खेडला जातात. पाहुणे मात्र खेडहून यायचे आहेत. म्हणून सूचना शेवटाकडून सुरू कराव्यात आणि प्रत्येक डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं करावं. फाट्याला डावीकडे, पार डाव्या हाताला, सहाणेशी उजवीकडे. हे मनातल्या मनात करू नये. कागद उलटा धरावा आणि रेघेवरून बोट चालवत जावं. घरातली मंडळी हसतील, हसू द्यावं.

एवढ्यानं काम झालं असं समजणाऱ्यांची पाहुणेमंडळी आजही शेजारच्या वाडीत चहा पीत असतात. कारण असं की, गावातून बाहेर पडताना दोन रस्ते एकमेकांना मिळतात, तेव्हा निवड करावी लागत नाही. माणूस सरळ पुढे जातो. नाना साठ वर्षं असेच सरळ पुढे गेले, म्हणून तो सांधा त्यांच्या नकाशात नाही. येणाऱ्याला मात्र तिथं रस्ता फुटलेला दिसतो आणि दोन्ही फाटे सारखेच लाल मातीचे असतात. नकाशा कितीही निरखला तरी ही जागा सापडत नाही. ती विचारूनच काढावी लागते आणि प्रश्नही नेमका हवा. ‘नाना, आणखी कुठं वळायचं?’ असं विचारलं तर ‘कुठंच नाही’ असं खरं उत्तर मिळतं. ‘नाना, खेडला जाताना तुमच्या रस्त्याला बाजूनं कोणकोणते रस्ते येऊन मिळतात?’ असं विचारलं की ते क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘हां, बौद्धवाडीचा येतो ना, चढ संपला की.’ आमच्या नमुन्यातली पाचवी सूचना या वाक्यातून जन्मली.

आता खुणांची छाननी. ड्रायव्हरला ती खूण वळायच्या आधी, चालत्या गाडीतून आणि अंधारातही दिसते का, एवढंच पाहावं. पूर्वीचा वड यात बसत नाही. विहीर बुजवली आहे. ती फक्त नानांना दिसते. म्हशी चरायला जातात. पिंपळाचा पार बसतो, सहाण बसते, फाट्यावरची एसटीची शेड बसते. शेड नकाशात नव्हती, कारण नानांना एसटी हात केल्यावर कुठंही थांबते.

नकाशावर एक रेघ अशी होती की तिला आडव्या बारीक दांड्या होत्या. आमच्या एका भाच्यानं ती उत्साहानं ‘रेल की पटरी’ म्हणून नोंदवली. ती पाखाडी होती, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. मग साकवाची चौकशी झाली. त्यावरून नाना जातात, दुधवाल्याची मोटरसायकल जाते, पण मिनीबस जात नाही. हा नकाशा पायी चालणाऱ्या माणसाचा आहे आणि अनुवाद चाकांसाठी करायचा आहे, हे इथं पहिल्यांदा लक्षात येतं. गाडी कुठं थांबवायची आणि वळवून कुठं लावायची, ही स्वतंत्र सूचना करावी.

लिपी एकच असल्यामुळे हिंदी सोपी वाटते, आणि तिथंच घात होतो. आपला ‘पार’ तिकडे ‘पलीकडे’ होतो. ‘पीपल का पार’ वाचून ड्रायव्हर पिंपळ ओलांडून पुढे जाईल. ‘खाली उतरा’ मधलं ‘खाली’ त्याला रिकामं वाटेल. म्हणून पाराचा ‘पत्थर का चबूतरा’ करावा आणि खालीचं ‘नीचे’. उलट पाट्यांवरची नावं आहेत तशीच ठेवावीत, कारण ड्रायव्हरला पाटी वाचायची आहे, समजून घ्यायची नाही.

एका सूचनेत एकच कृती असावी. आधी खूण, मग कृती, आणि चुकल्यास ते कळण्याची सोय. आमचा मसुदा शेवटी असा झाला:

४. वाकवली के बाद बाएँ हाथ पर एसटी बस का शेड दिखेगा। शेड से सटी हुई सड़क पर बाएँ मुड़ें। दापोली शहर आ जाए तो आप आगे निकल गए हैं, लौट आइए।

५. ढलान शुरू होने से पहले रास्ता दो हिस्सों में बँटता है। दाहिना रास्ता लें।

६. ढलान के नीचे बाएँ हाथ पर पीपल है, चारों ओर पत्थर का चबूतरा। गाड़ी यहीं रोकें। आगे का पुल गाड़ी के लिए नहीं है।

७. पुल पैदल पार करें।

सातव्या सूचनेत ‘पार’ हक्कानं वापरला आहे, याची नोंद घ्यावी. पाचवीत ‘चढ’ जाऊन ‘ढलान’ आली. नाना चढतात तिथं पाहुणे उतरतात.

नकाशाच्या कोपऱ्यात नानांनी ‘इथं कोणालाही विचारा’ असं लिहून बाण काढला होता. ही सूचना गाळू नये, ती सगळ्यात भरवशाची आहे. पण विचारायचं वाक्य हिंदीत देऊन उपयोग नाही, कारण ते ऐकणारी आजी हिंदी बोलत नाही. आणि निमंत्रणपत्रिकेवरचं आडनाव घेतलं तर निम्मी वाडी उठून उभी राहील, कारण सगळ्यांचं तेच आहे. म्हणून आठवी सूचना मराठीतच ठेवावी: ‘सहाणेजवळचं नानांचं घर कुठं?’ ड्रायव्हरनं ती फक्त मोठ्यानं वाचायची.

मसुदा तपासायला गाव पाहिलेला माणूस घेऊ नये. तो चुका आपोआप दुरुस्त करत वाचतो. गाव न पाहिलेल्या कुणाला तरी सूचना वाचायला देऊन कोऱ्या कागदावर नकाशा काढायला सांगावं. त्याच्या नकाशात पिंपळ उजवीकडे आला, तर चौथी ते सहावी सूचना पुन्हा लिहावी.

घाटात रेंज जाते, म्हणून सूचना कागदावर मोठ्या अक्षरात छापाव्यात. नानांच्या चित्राची झेरॉक्स मागच्या बाजूला घ्यावी, पिंपळ त्यांनी खरोखर छान काढला आहे. तळाशी अडचणीसाठी फोन नंबर द्यावा. तो नानांचा नसावा. नाना फोन उचलून पहिल्यांदा म्हणतात, ‘हे बघा, आपल्या पडवीतून बाहेर पडलात की…’