रजिस्टर बंद झालं म्हणे

एखादी वस्तू बंद करताना ग्राहकांना जे पत्र जातं, त्याचा सूर ठरलेला असतो. पहिल्या वाक्यात तुमचं इतक्या वर्षांचं प्रेम, दुसऱ्यात ‘आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी’, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वाक्यात कुठेतरी, सनईच्या आवाजात खपवलेल्या वाईट बातमीसारखी, ती वस्तू आता मिळणार नाही ही माहिती. शेवटी पर्याय. तो जुन्यापेक्षा सरस असतो, नवीन असतो आणि बहुतेक वेळा महाग असतो. पत्र लिहिणाऱ्याने जुनी वस्तू आणि नवी वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहिलेली असते. ग्राहक तिचं नेमकं काय करत होता, हे मात्र त्याने बहुधा पाहिलेलं नसतं.

पोस्टाने 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा हे सगळं मला आमच्या डोंबिवलीच्या पोस्टात उभ्याउभ्या पाहायला मिळालं. पोस्टाचं म्हणणं होतं की काहीही बंद होत नाही, दोन सेवा एक होत आहेत. सरकारला तसा खुलासाही करावा लागला. पण आपल्याकडे ‘विलीन’ हा शब्द ऐकला की माणूस आधी आपलं पासबुक शोधतो, त्यामुळे रांगेत बातमी एवढीच होती: रजिस्टर बंद झालं म्हणे. त्यातून 2013 च्या जुलैमध्ये तार बंद झाली, ती खरोखरच बंद झाली होती. त्या वेळी शेवटच्या दिवशी लोक तारघरासमोर रांगा लावून स्वतःलाच तार करत होते. रजिस्टरच्या नशिबी तसा निरोप समारंभ नव्हता. कारण तारेची आठवण काढावीशी वाटायची. रजिस्टर आलं की आपल्या घरांत आधी कोणी कोर्टात गेलं का, हे विचारलं जायचं.

माणसं रजिस्टर कशासाठी करत होती? वेग हे कारण नव्हतंच. वेगासाठी 1986 पासून स्पीड पोस्ट होतंच की. रजिस्टर स्वस्त होतं आणि त्याचा पुरावा राहायचा, हे तर खरंच. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते माणसाला द्यायचं होतं, पत्त्याला नव्हे. पाकिटावर ज्याचं नाव, त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो कोणी दार उघडेल त्याला देता येतं. म्हणजे नोटीस भाडेकरूला असली तरी सही त्याच्या चुलत मेव्हण्याची होऊ शकते, आणि नंतर कोर्टात भाडेकरू गंभीर चेहऱ्याने सांगू शकतो की मेव्हण्याशी आमचं बोलणं नाही.

पोस्टाने पर्याय दिला होता, पण तो सांगायची पद्धत पत्रातल्यासारखीच होती: स्पीड पोस्ट घ्या, ते लवकर जातं. रांगेतल्या लोकांना लवकर जायचंच नव्हतं. काहींना तर उशिरा गेलं असतं तरी चाललं असतं, फक्त ज्याचं त्याला मिळायला हवं होतं.

आमच्या काउंटरवरच्या बाईंनी मात्र चार दिवसांत प्रश्नच बदलला. माझ्या पुढे एक काका होते, हातात जाड पाकीट. ‘रजिस्टर एडी करायचंय.’ बाईंनी बंद झाल्याचं सांगितलं नाही, विलीन झाल्याचंही नाही. त्या म्हणाल्या, ‘काका, आत काय आहे ते नका सांगू. पोचल्यावर तुम्हाला काय सिद्ध करायचंय, तेवढं सांगा.’

काका क्षणभर गप्प झाले आणि मग सगळंच सांगितलं, आत काय आहे ते धरून. भाडेकरू घर सोडून कोल्हापूरला गेला, जाताना थकलेल्या भाड्याचा चेक देऊन गेला आणि चेक परत आला. आता या बाबतीत कायदा घड्याळ लावून बसलेला असतो. चेक वटला नाही हे बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यापासून 15 दिवस समोरच्याला पैसे भरायला मिळतात, आणि ते उलटल्यावरच फिर्याद. ‘मिळाल्यापासून’ हा सगळ्या भानगडीचा कणा. म्हणून नोटीस त्याला मिळाली, हे दाखवता आलं पाहिजे.

इथे एक जुनी तरतूद कामाला येते, 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम 27. पत्ता बरोबर लिहून, पुरेसं टपाल भरून पत्र रजिस्टर पोस्टाने टाकलं, तर नेहमीच्या टपालात ते जेव्हा पोचलं असतं तेव्हा पोचलं असं धरतात. नाही पोचलं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. गंमत अशी की या कलमामुळे पत्र न घेणाऱ्याचीच पंचाईत होते. आपल्याकडे रजिस्टर चुकवणं ही अर्धी कला होती. पोस्टमन जिन्यात दिसला की आतून ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ आणि बाहेर पोराने प्रामाणिकपणे ‘बाबा म्हणालेत ते घरी नाहीत’. पोस्टमन हसायचा, सूचना चिठ्ठी टाकायचा, पाकीट 7 दिवस पोस्टात पडून राहायचं आणि शेरा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायचं. पण सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या के. भास्करन प्रकरणात सांगितलं की बरोबर पत्त्यावरची नोटीस ‘न मागितल्याने परत’ अशा शेऱ्याने आली, तरी ती मिळाली असं धरायचं, उलटं असेल तर चेक देणाऱ्याने दाखवावं. म्हणजे बाबा घरी नव्हते हे आता बाबांनी सिद्ध करायचं.

या कलमात शब्द ‘रजिस्टर पोस्ट’ असा आहे. म्हणून काकांना नुसतं स्पीड पोस्ट करून चालण्यासारखं नव्हतं. वाद पाहिजे असेल तर चालतं. काकांना पैसे पाहिजे होते. नव्या व्यवस्थेत स्पीड पोस्टावर नोंदणीची वेगळी सोय आहे. तिचे 5 रुपये आणि त्यावर जीएसटी. ती घेतली की पाकीट नाव असलेल्याच माणसाला किंवा त्याने अधिकार दिलेल्याला द्यायचं. पोहोच हवी असेल तर एडी कार्डाच्या जागी आता प्रूफ ऑफ डिलिव्हरी मागायचं, त्याचे पैसे वेगळे. मुख्य गोष्ट अशी की हे मागावं लागतं. गर्दीच्या वेळी ‘स्पीड पोस्ट ना?’ विचारलं आणि आपण मान डोलावली की झालं, साधं स्पीड पोस्ट निघून जातं आणि मेव्हणा दार उघडतो. ओळखायचं कसं? काउंटर सोडण्याआधी पावती वाचायची. नोंदणीचे पैसे त्यात धरले आहेत का, ते विचारून घ्यायचं. पावतीवरचा नंबर पूर्वी आर या अक्षराने सुरू व्हायचा, आता ईने होतो. त्यामुळे नंबर पाहून नोंदणी झाली का ते कळत नाही.

मग पैशांचा विषय निघालाच. काकांनी पाकीट जड का आहे ते सांगितलं: भाडेकरार, चेकची प्रत आणि ‘थोडा इतिहास’. बाईंनी इतिहास काढायला लावला, पाकीट 50 ग्रॅमच्या आत आलं. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरात बाहेरगावी 50 ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट 47 रुपये. नोंदणीचे 5 धरून 52, जीएसटीसह 61 रुपये 36 पैसे. जुनं रजिस्टर 20 ग्रॅमपर्यंत 22 रुपये आणि जीएसटी, म्हणजे 25 रुपये 96 पैसे पडायचं; काकांच्या वजनाला 37 रुपयांच्या आसपास. एडी कार्डाचे आणखी. काकांनी मनात वजाबाकी केली आणि तोंडाने ‘छान’ म्हणाले, ज्या छानचा अर्थ सगळ्या रांगेला समजला.

गावातल्या गावात मात्र उलटं आहे. स्थानिक 50 ग्रॅमचे 19, नोंदणीचे 5, जीएसटीसह 28 रुपये 32 पैसे. त्याच वजनाच्या जुन्या रजिस्टरपेक्षा कमीच. हे सांगायला हवं होतं ठळक अक्षरांत, पण नवी वस्तू खपवणाऱ्यांना तिचा वेग सांगायची एवढी घाई असते की ती काही जणांना स्वस्त पडते, हे सांगायचं राहून जातं.

काकांच्या मागे एक मुलगी होती. तिला मूळ मार्कशीट पुण्याच्या विद्यापीठात पाठवायची होती. तिलाही घरून ‘रजिस्टरच कर’ असं बजावून पाठवलेलं. बाईंनी तोच प्रश्न विचारला. विद्यापीठात नाव असलेला माणूस असतो कुठे? ‘कुलसचिव’ असं पाकिटावर लिहिलं म्हणून कुलसचिव स्वतः खाली येऊन सही करणार नाहीत. ते आवक-जावकचा कारकूनच घेणार. तिला पाकीट कुठे आहे ते फोनवर दिसणं जास्त महत्त्वाचं. साधं स्पीड पोस्ट, नोंदणी नको. बाईंनी तिला एवढंच सांगितलं की पोचल्याची नोंद दिसली की लगेच छापून ठेव, ती संकेतस्थळावर जन्मभर राहत नाही. मुलगी खूश झाली. घरी जाऊन आईला समजवायचं काम बाकी होतं, पण ते पोस्टाच्या हद्दीत येत नाही.

मी पोस्टात गेलो होतो सोसायटीच्या कामाला. सेक्रेटरी हे पद आमच्याकडे स्वेच्छेने मिळत नाही, सभेला गैरहजर राहिल्याने मिळतं. आमच्या सोसायटीचा एक जुना ठराव आहे: थकबाकीदाराला आणि बाहेरगावी राहणाऱ्या सभासदाला प्रत्येक नोटीस रजिस्टर पोस्टानेच पाठवावी. ठराव करणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत, पण ठराव भक्कम आहे. पोस्टाने आपल्या कार्यालयांना जुने फॉर्म आणि कार्यपद्धतींतून रजिस्टर पोस्टाचा उल्लेख काढून स्पीड पोस्ट लिहायला सांगितलं. आमच्या सोसायटीला कोणी सांगितलं नाही, आणि देशभरातल्या अशा किती वह्यांत तो शब्द बसलेला आहे ते पोस्टाला कळायची सोय नाही.

मी बाईंना ठराव दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, ‘ठराव बदला.’ सोपं आहे. त्यासाठी सभा बोलवायची, सभेची नोटीस सगळ्यांना द्यायची. त्यातले चार सभासद बाहेरगावी आहेत आणि एक तर मस्कतला. ठरावाप्रमाणे ती नोटीस त्यांना रजिस्टर पोस्टाने जायला हवी. आमच्या खजिनदारांनी यावर मार्ग सुचवला आहे: नोंदणीसह स्पीड पोस्ट करायचं आणि पाकिटावर वर लाल शाईने ‘रजिस्टर’ लिहायचं. बाहेरगावच्या सभासदांतले एक निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्या पाकिटावर लाल शाई वापरायची की नाही, यावर पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे.