मार्गिट मास्तरांची छडी

फ्रॉमसॉफ्टवेअर ही जपानी कंपनी २००९ साली आलेल्या ‘डीमन्स सोल्स’पासून लोकांना पैसे घेऊन मारते आहे, आणि लोक हौसेने मरायला जातात. मीही त्यांतलाच. या जातीच्या खेळांना आता ‘सोल्सलाइक’ म्हणतात. २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर एक पूल लागतो. तिथे मार्गिट नावाचा शिंगाळ, शेपटीवाला म्हातारा हातात काठी घेऊन उभा असतो. अर्धं जग इथेच अडकतं.

मार्गिट काठी उचलतो. आपण घाबरून लोळण घेतो. तो काठी तशीच वर धरून ठेवतो. आपण लोळून उठतो, आणि मग तो ती हाणतो. आमच्या शाळेत एक मास्तर असेच छडी हवेत धरून थांबायचे. पोरगं हात मागे घ्यायचं, काही होत नाही म्हणून पुन्हा पुढे करायचं, आणि तेव्हा छडी बसायची. मार्गिट त्यांच्याच तालमीतला असावा.

यात मेख अशी, की लोळण घेताना आपल्याला मार लागत नाही तो काळ जेमतेम अर्धा सेकंदही नसतो. काठी उचललेली बघून बटण दाबलं, तर तो काळ काठी हवेत असतानाच संपतो. त्यामुळे बघायचं ते काठी वर जाणं नव्हे; ती खाली यायला निघते तो क्षण पकडायचा. हे कोणी सांगून कळत नाही. पडद्यावर ‘YOU DIED’ उमटतं तेव्हा हळूहळू कळतं. प्रत्येक वेळी तीच काठी, तेवढाच थांबा. बदलायचं ते आपणच.

आमच्या आईला हे पटत नाही. “अरे, जेवायला ये,” ती म्हणते. “थांब गं, थांबवता येत नाही,” मी म्हणतो, कारण या खेळात नेहमीसारखं पॉजचं बटणच नाही. मग ती पडद्याकडे बघते. “मेलास ना? आता ये.” तिचं म्हणणं तर्कशुद्ध आहे.

अडकलेल्यांनी आधी एक जीव सरळ दान करावा. तलवार विसरा, फक्त बघा आणि चुकवा. मागे पळालात की त्याला फावतं. तो उडी मारून गाठतो, नाहीतर सोनेरी सुरे फेकतो. म्हणून लोळण त्याच्याकडे, त्याच्या कुशीला घ्या. उडी मारून काठी जमिनीवर आपटली, की तो क्षणभर सावरत असतो. तिथे एक घाव घाला आणि बाजूला व्हा. दुसरा घाव हा लोभ असतो, आणि बहुतेक मरणं तिथेच होतात, विशेषतः त्याचं रक्त थोडंसंच उरलेलं दिसतं तेव्हा.

औषधाच्या बाटलीचंही तेच. लांब जाऊन सुरक्षित वाटतं तेव्हाच आपण ती तोंडाला लावतो, आणि सुरा येतो. जोरदार आपटल्यावर तो सावरतो, तेव्हा प्या. लढाई निम्म्याच्या जवळ आली, की तो सोनेरी हातोडाही काढतो. हातोडा उगारून उंच उडाला, की तो खाली येईपर्यंत धीर धरा. पुन्हा तोच धडा, नुसता मोठ्या अक्षरांत.

आणि खरी गोष्ट ही, की त्या पुलावर तुम्हाला कुणी बांधून ठेवलेलं नाही. मागे अख्खं लिमग्रेव्ह पसरलंय, दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे. तिथे हिंडा, आरोग्य म्हणजे व्हिगर वाढवा. एलेच्या चर्चमधल्या ऐरणीवर शस्त्र +३ पर्यंत नेता येतं. चिलखतं अंगावर चढवून वजन सत्तर टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर लोळण्याऐवजी नुसतं पडणं होतं. मर्कवॉटरच्या गुहेत पॅचेस नावाचा लबाड भेटतो. तो गुडघे टेकून माफी मागू लागला, की त्याला मारू नका. पाच हजार रून्सना तो एक बेडी विकतो. ती वापरली, की मार्गिट काही क्षण जमिनीला खिळतो. पण फक्त पहिल्या टप्प्यात, तेही दोनदाच; तेवढ्यात मनसोक्त हाणून घ्या. जाताना हातातले रून्स आधी खर्चून टाका. मेल्यावर ते जिथे पडतात, तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे जातात.

काही कर्मठ खेळाडू म्हणतात, मदत घेणं म्हणजे फसवणूक. मला हे सोवळं समजत नाही. रेनाने दिलेली घंटा वाजवली की तीन लांडगे येतात. मार्गिट त्यांच्याकडे वळतो आणि आपल्याला त्याची पाठ मिळते. धुक्याच्या दाराबाहेर रॉजियर जादूगारालाही बोलावता येतं. ही माणसं आणि जनावरं खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलेली आहेत. बिनधास्त बोलवा, आणि पुढे आत गॉड्रिक बसलाय, तेव्हा बाटल्या भरून जा.