फोटो सतरा, शब्द एक

पुण्यात राहणाऱ्या, टीपीएच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका मावशींना रविवारी दुपारी भाच्याने हॉस्पिटलच्या बिलांचे सतरा फोटो पाठवले. खाली एकच शब्द : रिइम्बर्समेंट. आजारी कोण, झालं काय, पॉलिसी कुठली, काही पत्ता नाही. एका फोटोत बिलापेक्षा अंगठा मोठा होता. दुसऱ्यात एकूण रकमेवर चहाचा कप होता.

मावशींनी फोन लावला. "कापलं काय रे?"

"सासऱ्यांचं पित्ताशय. दुर्बिणीतून."

"डिस्चार्ज समरी कुठंय?"

ती नव्हतीच. आजार कोणता, दाखल कधी, घरी कधी, शस्त्रक्रिया कोणती, हे सगळं त्या कागदावर असतं. तो नसेल तर बाकीची बिलं म्हणजे नुसता खर्च. क्लेम फॉर्मही दोन भागांचा : 'अ' पॉलिसीधारकाने भरायचा, 'ब' हॉस्पिटलने भरून सही-शिक्का मारून द्यायचा. भाच्याने दोन्ही स्वतःच भरून टाकले होते, डॉक्टरांच्या रकान्यात सासऱ्यांचं नाव घालून.

मग बिलाची पाळी. हॉस्पिटलचं बिल ७८,००० रुपयांचं होतं आणि पावती ५३,००० ची. "उरलेले २५,००० कुठे गेले?" दाखल होताना भरलेल्या अनामत रकमेची पावती सासूबाईंच्या पर्समध्ये निघाली. बिल म्हणजे मागितलेले पैसे आणि पावती म्हणजे दिलेले. कंपनीला दोन्हींच्या मूळ प्रती लागतात, शिवाय बिलाची बाबवार फोड.

फोड आली तेव्हा त्यात एक ओळ होती : 'ओटी किट, ३,२००'. आयआरडीएआयच्या परतफेड न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत 'तपशील न दिलेलं कोणतंही किट' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे किटमध्ये काय होतं, हे हॉस्पिटलकडून लिहून आणायला भाचा पुन्हा धावला. मिनरल वॉटर, डायपर, तपासणीचे हातमोजे, टीव्हीचे पैसे हेही त्याच यादीत असल्याने जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर खिशातून जातात. रुग्णाचं पथ्याचं जेवण बिलात असेल तर चालतं. सोबत बसलेल्या जावयाचा मसाला डोसा चालत नाही.

औषधांच्या बिलांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, तपासणीच्या बिलाला रिपोर्ट. सोनोग्राफीचं बिल भाचा टाकून देणार होता, कारण ते दाखल होण्याच्या पंधरा दिवस आधीचं होतं. बऱ्याच पॉलिसी त्याच आजारासाठी दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरतात, त्यामुळे ते वाचलं. हृदयातला स्टेंट किंवा डोळ्यातलं भिंग असतं, तर त्याचं स्टिकरही जपावं लागलं असतं.

शेवटी रद्द केलेला चेक, पॅन आणि आधार जोडून मावशींनी फर्मावलं, "सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेव आणि मूळ प्रती कुरिअरने पाठव."

"झेरॉक्स आणि कुरिअरचं बिल लावू?"

मावशींनी यादी पुन्हा उघडली. दोन्ही होती.