अकरा ते एक

रजेचा अर्ज वाचायला सोपा असतो. ‘घरी कार्य आहे’ असं लिहिलं की मी सही करतो. कार्य कुणाचं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. वेळ बदलून मागणारा अर्ज मात्र सहीपाशी अडतो, कारण तो एका दिवसाचा नसून रोजचा असतो.

आमचं ऑफिस पुण्यातलं, करसल्लागाराचं. माणसं मोजकी. त्यातल्या एकीला सगळे ताईच म्हणतात. तिच्या वडिलांना डायलिसिस सुरू झालं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. सुया काढल्यावर ती जागा दाबून धरायची, रक्तदाब पाहायचा, मग रिक्षा. घरी पोचायला बारा होतात, आणि रक्तदाब उतरला तर एकही वाजतो. घरी आई आहे, पण गुडघ्यांमुळे तिला जिना उतरणंच अवघड. म्हणून ताईचं म्हणणं असं की त्या तीन दिवशी मी साडेबाराला येते आणि साडेसातला जाते.

कायद्यात काही सोय आहे का, तेही पाहिलं. २००७ चा कायदा मुलांना बजावतो की आईवडिलांना सांभाळा. ऑफिसच्या वेळेत सांभाळायची वेळ आली तर काय करायचं, यावर मात्र त्यात चकार शब्द नाही. तेव्हा निर्णय माझाच.

माझं मन पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणालं. मन असंच असतं, त्याला रिटर्न भरायची नसतात. मग मी कामाकडे पाहिलं. आकडेमोड, बिलं जुळवणं ही कामं कुठल्याही वेळी होतात. घड्याळाला बांधलेलं काम एकच, ओटीपी. रिटर्न भरायचं म्हणजे तो व्यापाऱ्याच्या मोबाइलवर जाणार आणि त्याने तो फोनवर आम्हाला सांगायचा. आमचे व्यापारी अकराला दुकान उघडतात आणि एक ते चार त्यांना साक्षात अर्थमंत्रीही उठवू शकणार नाहीत. म्हणजे ओटीपीचा सुकाळ अकरा ते एक, आणि मग पाचनंतर. ताईला हवी असलेली सवलत नेमकी त्या पहिल्या दोन तासांवर येऊन बसली होती.

मग कालनिर्णय काढलं. जीएसटीच्या आमच्या महत्त्वाच्या तारखा दोन, ११ आणि २०. दोन्हींत नऊ दिवसांचं अंतर, म्हणजे वार दोनच पुढे सरकतो. अकरा तारीख सोमवारी आली की वीस बुधवारी, बुधवारी आली की शुक्रवारी. थोडक्यात, एक तारीख डायलिसिसवर आदळली की बहुधा दुसरीही आदळते. वीस तारीख हुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर अठरा टक्क्यांनी व्याज. व्यापारी पन्नास रुपयांसाठी जेवढं बोलतो तेवढं व्याजासाठी बोलत नाही, हा माझा अनुभव.

तेव्हा खरा प्रश्न ताईने किती वाजता यावं हा राहिलाच नाही. तिच्या गैरहजेरीत अकरा ते एक फोन कोण करणार, हा होता. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसातला सगळ्यात धाकटा मुलगा. असा बोजा न बोलता सरकतो आणि मग महिन्याभरात डब्याच्या वेळी कुजबुज सुरू होते. म्हणून त्यालाच बोलावलं.

“करतो की,” तो म्हणाला. “पण त्या तीन दिवशी मी पाचला जाऊ? सहाचा क्लास गाठता येत नाही.”

पाचनंतर ताई असणारच होती. निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला निम्मा आमच्या जुन्या कारकुनांचा. “आमच्या आईच्या वेळी कुणी वेळ बदलून दिली नव्हती,” ते म्हणाले. खरं होतं, आणि याला उत्तर नसतं. त्यांना तेव्हा मिळालं नाही म्हणून ताईला आता नाकारणं, हा न्याय मला काही पटत नाही. पण त्यांच्यावर एकही जादा फोन टाकायचा नाही, एवढं मी ठरवलं.

मग तीन महिन्यांपुरतं ठरलं. ताईच्या प्रत्येक व्यापाऱ्याची माहिती एका वहीत, म्हणजे ती न आली तरी काम अडू नये. तारीख डायलिसिसच्या दिवशी असेल तर रिटर्न कामाच्या आदल्या दिवशीच. ताईला उशीर किती होतो, हे मोजायचं नाही. शेवटच्या दिवशी किती रिटर्न उरतात आणि त्यासाठी थांबतं कोण, एवढंच पाहायचं. कारकून थांबू लागले तर सगळं पुन्हा मांडायचं. रक्तदाबाची चौकशी ताई सांगेल तेवढीच. हजेरीसाठी वडिलांचे रिपोर्ट मागायचे नाहीत.

सगळ्याचा विचार झाला होता, फक्त व्यापाऱ्यांचा राहिला होता. पहिल्याच बुधवारी मुलाने एका शेठजींना फोन लावला. ओटीपी समोर आला होता, शेठजी जागे होते, दुकान उघडं होतं.

“ताई नाहीत का?” ते म्हणाले. “मग राहू दे. पाचनंतर त्यांनाच सांगतो.”